‘मी रोबोट नाही’ सांगूनही तपासणी थांबत नाही तेव्हा : मोबाइलवरून भराभर जाहिराती टाकणाऱ्यांसाठी

तान्ह्या पोळ्याला पाच दिवस उरले होते. माझा आतेभाऊ नागपूरच्या महाल भागात राहतो आणि लाकडी नंदीबैल विकतो. त्याचा वर्षाचा धंदा या एका आठवड्यात होतो. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. “अरे, हा मोबाइल मला रोबोटच म्हणून राहिला. दीड तास झाला, सिग्नलचे खांब न् सायकली निवडून राहिलो. बैल टाकू कधी मी?”

मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. घरात २६ बैल होते, वेगवेगळ्या उंचीचे. एका जाहिरातींच्या साइटवर प्रत्येक बैलाची वेगळी जाहिरात टाकायची असं त्यानं ठरवलं. मजकूर एकच लिहून ठेवला होता. तो चिकटवायचा, उंची आणि किंमत बदलायची, फोटो जोडायचा, पुढचा बैल. दीड मिनिटाला एक या वेगानं तेरा जाहिराती गेल्या आणि पहिली तपासणी आली. ती त्यानं सोडवली. दोन जाहिरातींनंतर दुसरी आली. मग प्रत्येक पानावर येऊ लागली. तेव्हा त्यानं पान पुन्हा पुन्हा उघडलं, इनकॉग्निटोमध्ये जाऊन पाहिलं, एअरप्लेन मोड चालू-बंद केला आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून इंटरनेट पत्ता बदलून दाखवणारं फुकटचं व्हीपीएन टाकलं. साडेदहापर्यंत लॉगिनचं पानही उघडेना.

यातली पहिली चूक फक्त वेगाची होती, आणि ती थोड्या वेळानं आपोआप विसरली गेली असती. त्याला खरं अडकवलं ते नंतरच्या दीड तासातल्या उपायांनी. म्हणून हा लेख मी उपायांच्या क्रमावर लिहितो आहे. क्रम चुकला की बरोबर उपायही उलटा पडतो.

आधी हात थांबवा

साइटचा पहारेकरी दर मिनिटाला, दर तासाला आलेल्या विनंत्या मोजत असतो. तुमच्या खात्यावरून किती, तुमच्या इंटरनेट पत्त्यावरून किती, तुमच्या ब्राउझरमधून किती. या मोजणीत फक्त टाकलेल्या जाहिराती धरत नाहीत. पान पुन्हा उघडणं, चुकलेली तपासणी, फसलेलं लॉगिन, हे सगळं त्यात येऊ शकतं. म्हणजे अडकल्यावर चिडून केलेला प्रत्येक प्रयत्न आकडा वाढवतो, आणि तुम्ही सोडवायला बसलेली गाठ तुम्हीच घट्ट करत जाता.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ते पान बंद करायचं आणि फोन बाजूला ठेवायचा. पडद्यावर `429` किंवा `Too Many Requests` असं दिसलं असेल, तर तो थेट वेगाचा निरोप आहे. सोबत किती वेळ थांबायचं ते लिहिलं असेल तर तेवढा वेळ शेवटच्या प्रयत्नापासून मोजा. काहीच लिहिलं नसेल तर मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत थांबायला सांगतो. मर्यादा नेमकी किती, हे बहुतेक साइट मुद्दाम जाहीर करत नाहीत. जाहीर केली तर यंत्रं बरोबर तिच्या एक पाऊल आत चालतील.

मग खूण ओळखा

सगळ्यांची तक्रार एकच असते, “सारखं कॅप्चा येतं.” पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पडद्याकडे दोन मिनिटं नीट पाहिलं की कोणती आहे ते कळतं.

पहिली खूण अशी. तुम्ही चौकटीत टिक करता, हिरवी खूण येते, पान बदलतं आणि पुन्हा तीच कोरी चौकट समोर येते. चित्रं विचारलीच जात नाहीत, किंवा विचारली तरी तुमचं उत्तर बरोबर धरलं जातं. इथं साइटचा तुमच्यावर संशय असेलच असं नाही. तिनं दिलेली पावती तुमच्या फोनमध्ये टिकत नाही आहे.

दुसरी खूण म्हणजे चित्रं संपतच नाहीत. एक संच बरोबर निवडला तरी दुसरा येतो, चित्रं धूसर होत जातात, किंवा निवडलेला चौकोन हळूहळू पुसून तिथं नवं चित्र येतं. इथं तुमचा गुण कमी झालेला आहे. गूगलच्या रीकॅप्चाची २०१८ साली आलेली तिसरी आवृत्ती तर चित्रं दाखवतच नाही. ती मागच्या मागे ०.० ते १.० मध्ये गुण देते. एकाजवळ असेल तर माणूस, शून्याजवळ असेल तर यंत्र. गुण कमी पडला तर अडवायचं, अजून एक तपासणी लावायची की जाऊ द्यायचं, हे साइटचा मालक ठरवतो. त्यामुळे तुम्ही खांब कितीही अचूक निवडले तरी अडचण चित्रांच्या बाहेर असू शकते.

तिसऱ्या खुणेत तपासणी पार होते, पान उघडतं, पण ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर नकार येतो किंवा जाहिरात दिसतच नाही. इथं ब्राउझरला आणि नेटवर्कला दोष देऊ नका. मर्यादा तुमच्या खात्यावर किंवा मजकुरावर लागली आहे.

आतेभावाच्या फोनवर तिन्ही खुणा एकावर एक चढल्या होत्या. वेगानं तिसरी आणली, इनकॉग्निटोनं पहिली, आणि व्हीपीएननं दुसरी.

पावती टिकत नसेल तर

तपासणी पार केली की साइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते. ती म्हणजे फाटकावरची पावती. पुढच्या पानावर ती दाखवली की पुन्हा विचारत नाहीत. क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरणाऱ्या साइटवर तिचं नाव `cf_clearance` असतं. ही पावती ठरावीक वेळच चालते, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये नेता येत नाही. इनकॉग्निटोची खिडकी बंद केली की ती जाते. सगळ्या कुकीज पुसल्या की जाते. व्हॉट्सअॅप किंवा फेसबुकमधल्या लिंकवर बोट ठेवून साइट त्याच अॅपच्या पोटात उघडली असेल, तर क्रोममधली पावती तिथं उपयोगाची नाही.

म्हणून साइट नेहमी एकाच ब्राउझरमध्ये, साध्या खिडकीत, पत्ता टाइप करून उघडा. क्रोममध्ये तीन टिंबं, मग `Settings`, मग `Site settings` इथं जाऊन कुकीज सरसकट बंद केलेल्या नाहीत ना ते पाहा. जाहिराती अडवणारं काही टाकलं असेल तर त्या एका साइटपुरतं थांबवा, कारण तपासणीची चौकट दुसऱ्याच पत्त्यावरून येत असते आणि तीच अडवली जाते. तीन टिंबांच्या यादीत `Desktop site` वर खूण असेल तर काढा. तिच्यामुळे फोन स्वतःला संगणक म्हणवतो, पण पडद्याचा आकार आणि बोटाचा स्पर्श मोबाइलचाच असतो. ही विसंगती पहारेकऱ्याला दिसते. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा, कारण घड्याळ पुढेमागे असेल तर नुकतीच मिळालेली पावती शिळी ठरते. प्ले स्टोअरमधून क्रोम आणि `Android System WebView` ही दोन्ही अद्ययावत करून घ्या.

यानंतर फक्त त्या एका साइटचा साठवलेला मजकूर पुसा, एकदाच. पत्त्याच्या शेजारच्या खुणेवर दाबलं की तो पर्याय मिळतो. दर वेळी पुसत राहिलात तर साइटच्या दृष्टीनं तुम्ही दर वेळी कधी न पाहिलेले नवे पाहुणे असता, आणि नव्या पाहुण्याची झडती जास्त होते.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रीकॅप्चाच्या चौकटीतली हिरवी खूण दोनच मिनिटं टिकते. लोक फॉर्म उघडल्या उघडल्या आधी टिक करतात, मग मजकूर भरतात, मग सहा फोटो चढवतात. तोवर खूण मावळलेली असते आणि पाठवल्यावर नकार येतो. टिक सगळ्यात शेवटी करायची.

चित्रं संपत नसतील तर नेटवर्क पाहा

मोबाइल डेटावर असताना तुमचा इंटरनेट पत्ता बहुधा तुमच्या एकट्याचा नसतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण ४३० कोटींच्या आसपास आहेत आणि फोन त्याहून जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या एका पत्त्याआड पुष्कळ ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. एकाच वाड्याच्या दारातून पन्नास बिऱ्हाडं ये-जा करावीत तसं हे आहे. त्यातल्या एकानं गोंधळ घातला तर पहारेकरी दारालाच ओळखतो. फोनच्या सेटिंगमध्ये `About phone` आणि `Status` इथं `IP address` पाहा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही अशा सामायिक दारामागे आहात. वायफायवरही काही लहान केबलवाले हीच पद्धत वापरतात.

नेटवर्क दोषी आहे का, हे तपासायला एकच प्रयोग पुरे. थांबण्याचा वेळ संपल्यावर तोच फोन आणि तोच ब्राउझर घेऊन घरच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर साइट उघडा. लॉगिन करू नका, नुसतं पहिलं पान पाहा. तिथं तपासणी आली नाही आणि मोबाइल डेटावर आली, तर दोष पत्त्याचा. दोन्हीकडे आली तर दोष ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये. दोन्हीकडे पान सुरळीत उघडलं आणि लॉगिन केल्यावर अडलं, तर दोष खात्याचा. आणि घरच्या वायफायवर घरातल्या सगळ्यांच्याच फोनवर तपासणी येत असेल, तर घरातलं एखादं उपकरण गुपचूप भलत्याच विनंत्या पाठवत असण्याची शक्यता असते. तुमचं इंटरनेट वाटून पैसे कमवा असं सांगणारी अॅप आणि काही फुकटची व्हीपीएन नेमकं हेच करतात. तुमच्या जोडणीवरून ती परक्यांची वाहतूक वाहतात आणि बदनामी तुमच्या पत्त्याच्या नावावर जमा होते. अशी अॅप काढून टाका, राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा.

व्हीपीएनचा उपाय मी कुणालाच सांगत नाही. फुकटच्या व्हीपीएनचा पत्ता सीजीनॅटपेक्षाही मळलेला असतो, कारण तो बहुधा एखाद्या डेटा सेंटरचा असतो आणि बरीचशी यंत्रं तिथूनच येतात. वर, पाच मिनिटांपूर्वी नागपुरात असलेलं खातं एकदम परदेशातून आलेलं दिसतं. ते चोरीला गेलेल्या खात्यासारखं वागणं आहे. एअरप्लेन मोडनं कधी कधी नवा पत्ता मिळतो हे खरं. पण पावती जुन्या पत्त्याशी बांधलेली असली तर ती फुकट जाते, आणि दहा मिनिटांत चार पत्ते बदलणारं खातं अधिकच संशयास्पद दिसतं. एकदा बदलून पाहायला हरकत नाही. चाळा करू नये.

चित्रं सोडवायचीच असतील तर सावकाश सोडवा. चौकोन पुसून नवं चित्र येणाऱ्या प्रकारात ते पूर्ण उमटेपर्यंत थांबा, त्यातही ती वस्तू नाही ना ते पाहा, मगच `Verify` दाबा. दोन-तीन संचांनंतरही सुटत नसेल तर सोडून द्या. हेडफोनचं चिन्ह असेल तर आवाजाचा पर्याय आहे, पण फार संशय असताना तोही नाकारला जातो.

इथंच एक धोक्याची सूचना. खरी तपासणी तुम्हाला टिक करायला, चित्रं निवडायला किंवा अक्षरं लिहायला, असली साधी कामं सांगते. “रोबोट नसल्याचं सिद्ध करायला `Allow` दाबा” असं एखादं पान म्हणालं, तर ते तुमच्या फोनवर सूचनांचा पाऊस पाडण्याची परवानगी मागत आहे. एखादं अॅप उतरवा, ओटीपी द्या, काहीतरी कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, असं सांगणारी तपासणीही बनावट. दीड तास वैतागलेला माणूस या सापळ्यात पटकन पाय ठेवतो.

खात्यावर मर्यादा असेल तर

दुसरं खातं काढण्याचा मोह होतो. काढू नका. त्याच फोनवरून, त्याच नंबरचं, तोच माल विकणारं खातं लगेच जोडलं जातं आणि मग दोन्ही जातात. आपोआप बटण दाबणारी किंवा कॅप्चा सोडवून देणारी अॅपही नकोत. ज्या आरोपातून सुटायचं तोच त्यांनी खरा ठरतो.

एक दिवस थांबूनही सुटलं नाही तर साइटच्या मदत विभागाला लिहा. तपासणीच्या पानाच्या तळाशी बऱ्याचदा `Ray ID` नावाचा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कारण त्यावरून त्यांना तुमची नेमकी विनंती सापडते. पत्र एवढंच असावं : “मी अमुक नंबरच्या खात्यावरून अमुक तारखेला रात्री ८.५० ते ९.१५ या वेळात हातानं १५ जाहिराती टाकल्या. मजकूर सारखाच होता, कारण माल एकाच प्रकारचा आहे. त्यानंतर सतत तपासणी येते. कोणतंही स्वयंचलित साधन वापरलेलं नाही. `Ray ID` सोबत आहे. रोज किती जाहिराती चालतील ते कळवावं.” त्यात तक्रारीचा सूर नको आणि नसलेली कारणं नकोत. व्हीपीएन वापरलं असेल तर तेही लिहा, त्यांना ते दिसतंच.

पुन्हा टाकायला लागाल तेव्हा

पहारेकरी फक्त वेग पाहत नाही, त्यातला एकसारखेपणाही पाहतो. माणूस एखाद्या फॉर्मवर अडखळतो, मागे जातो, फोटो बदलतो. चिकटवलेला शंभर शब्दांचा मजकूर चार सेकंदांत भरून पाठवला, आणि तेही ओळीनं तेरा वेळा, तर तो नमुना यंत्राचाच. चिकटवण्यात गैर काही नाही. पण चिकटवल्यावर वाचा, त्या वस्तूबद्दलचं एखादं खरं वाक्य हातानं लिहा, मग पाठवा. शब्दांची नुसती अदलाबदल करून मजकूर वेगळा भासवण्याचा प्रयत्न करू नका. तशा युक्त्या ओळखणंच तर त्यांचं काम आहे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जाहिरातींची संख्याच कमी करणं. मी आतेभावाला विचारलं, “सव्वीस बैलांना सव्वीस जाहिराती काहून?” प्रत्येक बैल गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून, असं तो म्हणाला. आम्ही उंचीप्रमाणे पाच गट केले. प्रत्येक गटाची एक जाहिरात, तिच्यात सगळ्या बैलांचे फोटो, आणि फोटोवरच अंक लिहून खाली त्या अंकाची किंमत. आखूड केलेली लिंक काढून नुसता फोन नंबर ठेवला, कारण आखूड लिंकमागे काय आहे ते दिसत नाही आणि साइट तिला घाबरते. फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून परत उतरवून घेतले. त्यानं ते हलके झाले. याचा उपयोग मोठा असतो. जड फोटो चढत असताना पडदा अडकल्यासारखा वाटतो, माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि एकाच जाहिरातीच्या दोन-तीन विनंत्या जातात. बटण एकदाच दाबायचं, आणि शंका आली तर ‘माझ्या जाहिराती’ उघडून पाहायचं.

त्या रात्री त्यानं व्हीपीएन काढलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नानंतर चोवीस तासांनी, शेजाऱ्याच्या वायफायवर साध्या क्रोममध्ये साइट उघडली. एकदा चौकट आली, टिक केली, पान उघडलं. लॉगिन झालं. त्यानं एकही जाहिरात टाकली नाही, आधीच्या पंधरांपैकी अकरा दिसत होत्या त्यातल्या नऊ काढल्या आणि उरलेल्या दोन दुरुस्त करून दोन गटांच्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गट टाकला, दुपारी एक, संध्याकाळी एक. दर वेळी दहा-बारा मिनिटं लागली. तपासणी फक्त सकाळी एकदा आली.

दिवसाला तीन हा आकडा नियम म्हणून घेऊ नका. जुन्या, रोज वापरात असलेल्या खात्याला दहाही चालतात, आणि नव्या खात्याला तीनही जास्त होतात. हळूहळू वाढवा. तपासणी परत दिसू लागली की त्या दिवसापुरतं थांबा आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या. ज्यांचा माल खरंच शेकड्यांनी आहे त्यांनी साइटची व्यापारी खात्याची किंवा एकदम यादी चढवण्याची सोय आहे का ते विचारावं. त्यासाठी पैसे लागतील, पण हातानं शंभर जाहिराती टाकण्याचा मार्ग मोबाइलवरून जातच नाही.

आतेभावाच्या खात्याची आणखी एक अडचण होती, ती मला शेवटी कळली. गेल्या पोळ्यानंतर त्यानं ते उघडलंच नव्हतं. अकरा महिने झोपलेलं खातं एका रात्री उठून दीड मिनिटाला एक जाहिरात टाकू लागलं, तर चोरलेल्या खात्याचा संशय येणारच. हंगामी धंदा असलेल्यांनी महिनाभर आधीच खातं उघडावं, फोन नंबर आणि ईमेल पडताळून घ्यावेत, आठवड्याला एखादी जाहिरात टाकावी, आलेल्या विचारणांना तिथंच उत्तरं द्यावीत. या वर्षी त्यानं आषाढ संपता संपता पहिला बैल टाकला, गेल्या वर्षीचा उरलेला, एका शिंगाचा रंग उडालेला, आणि तसं जाहिरातीत लिहूनही टाकलं.